बँड रीसेट केल्यावर आणि ॲप पुन्हा टाकल्यावर गेलेली पावले व झोप: काय परत मिळते, काय नाही

प्रश्न: बँड सिंक होत नव्हता म्हणून ॲप काढून पुन्हा टाकले. तरीही जुळेना, म्हणून शेवटी बँड फॅक्टरी रीसेट केला. आता जुळला आहे, पण ॲपमध्ये आजपासूनचीच पावले दिसतात. मागच्या चौदा महिन्यांची पावले आणि झोप, सगळे कोरे. परत मिळेल का? फोन अँड्रॉइड आहे.

उत्तर: बराचसा भाग परत मिळण्याची शक्यता चांगली आहे. रीसेटच्या आधीचे काही दिवस मात्र कायमचे गेले असावेत. पुढे काही करण्याआधी तीन गोष्टी टाळा. ॲप आता पुन्हा काढू नका, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचा डेटा पुसू नका, आणि जास्तीचे वाटते म्हणून कोणतेही खाते बंद करू नका. नोंदी शोधताना लोक त्या गमावतात त्या बहुधा या तिसऱ्या कारणाने, कारण ‘रिकामे’ समजून बंद केलेले खाते नेमके भरलेले निघते.

नोंदी कुठे कुठे राहतात ते आधी पाहू. मनगटावरचा बँड दर मिनिटाची हालचाल, पावले आणि नाडीचे ठोके स्वतःच्या छोट्याशा स्मृतीत टिपतो. ही जागा थोड्याच दिवसांची असते. उदाहरण द्यायचे तर फिटबिटच्या बहुतेक उपकरणांत मिनिटामिनिटाचा तपशील ७ दिवसांपुरता आणि दिवसाची बेरीज ३० दिवसांपुरती राहते. इतर बँडांत हा काळ कमीजास्त असतो, पण चौदा महिने तिथे कोणाचेच मावत नाहीत. सिंक केले की हा तपशील ब्लूटूथवरून फोनमधल्या ॲपच्या खासगी डेटाबेसमध्ये येतो, आणि तिथून इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्याच्या नावावर जमा होतो. ॲप काढले की फोनमधला डेटाबेस जातो, बँड रीसेट केला की बँडमधले शिल्लक दिवस जातात. उरते ते खाते. तुमचे चौदा महिने असतील तर तिथेच असतील, आणि खाते न उघडता ॲप पाहुणा म्हणून वापरले असेल तर ते सर्व्हरवर कधी गेलेच नसतील.

तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘बँड सिंक होत नव्हता’ हे आहे. सिंक बंद पडल्याच्या दिवसापासून रीसेटच्या क्षणापर्यंत ज्या नोंदी झाल्या त्या फक्त बँडमध्ये होत्या. त्या फोनपर्यंत पोहोचल्याच नाहीत, मग सर्व्हरपर्यंत कुठून पोहोचणार? त्यामुळे पहिले काम म्हणून दोन तारखा कागदावर लिहा: शेवटचे यशस्वी सिंक कधी झाले, आणि रीसेट कधी केला. या दोन तारखांमधला काळ बुडीत धरा. त्याआधीचा सगळा काळ शोधण्यासारखा आहे. शेवटचे सिंक आठवत नसेल तरी हरकत नाही. जुने खाते सापडल्यावर ती वेळ नोंदींवरूनच कळते, कशी ते पुढे येईल.

आता खाते. ‘मी त्याच खात्याने लॉगिन केले आहे’ असे जवळपास प्रत्येक जण सांगतो, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा ते खाते वेगळे निघते. यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. लॉगिनच्या पडद्यावर मोबाइल क्रमांक, ईमेल, गूगलचे बटण, कधी आणखी दोन-तीन बटणे अशी रांग असते, आणि यातल्या प्रत्येक वाटेने आत गेल्यावर वेगळे खाते तयार होऊ शकते. तुमचा ईमेल पत्ता टाइप करून पासवर्ड ठेवून उघडलेले खाते आणि त्याच ईमेलच्या गूगल बटणाने उघडलेले खाते ही कित्येक सेवांमध्ये दोन स्वतंत्र खाती असतात. काही सेवांमध्ये देश किंवा प्रदेश निवडावा लागतो. तो बदलला तर तुम्ही वेगळ्या सर्व्हरवर जाता आणि तिथे तुमच्या नावाचे नवे, कोरे खाते उघडते. मुख्य म्हणजे यातल्या कोणत्याही वळणावर ‘तुमचे आणखी एक खाते आहे’ असे ॲप सांगत नाही. ते निमूटपणे उंची आणि वजन विचारते आणि आत घेते.

ही उंची-वजनाची विचारणा हीच पहिली खूण आहे. पुन्हा टाकलेल्या ॲपने लॉगिननंतर तुमची जन्मतारीख, उंची, वजन आणि रोजच्या पावलांचे उद्दिष्ट नव्याने विचारले असेल, तर तुम्ही नव्या खात्यात आला आहात असे जवळजवळ खात्रीने समजा; जुन्या खात्याला ही माहिती ठाऊक असते. दुसरी खूण त्याहून ठळक आहे. बँड जोडताना ‘हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेले आहे’ अशा अर्थाचा संदेश आला होता का, ते आठवून पाहा. बहुतेक जण त्याला बँडची खोड समजून रीसेट करतात, पण तो संदेश म्हणजे सर्व्हरने दिलेली साक्ष आहे: हा बँड ज्या खात्यात होता ते खाते अस्तित्वात आहे, आणि ते आता उघडलेले नाही. नुसती ‘बँड रीसेट करा’ अशी सूचना आली असेल तर मात्र तिच्यावरून काही ठरवू नका. काही बँडांना फोन किंवा ॲप नवे झाले की खाते तेच असूनही रीसेट लागतो.

जुने खाते शोधण्याचे मार्ग साधे आहेत. बँड घेतला त्या आठवड्यातले एसएमएस आणि ईमेल चाळा. ओटीपीचा एसएमएस सापडला तर खाते मोबाइल क्रमांकावर आहे, पडताळणीचा ईमेल सापडला तर ते त्या पत्त्यावर आहे. फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवत असाल तर त्या यादीत कंपनीचे नाव शोधा. गूगलच्या बटणाने लॉगिन केले होते की नाही, हे `myaccount.google.com/connections` या पानावर कळते: तुमचे गूगल खाते ज्या ज्या सेवांशी जोडले आहे त्या तिथे दिसतात, आणि सेवेवर टिचकी मारली की जोडणी कधीची आहे तेही समजते. तारीख कालचीच असेल तर गूगलची वाट तुम्ही काल प्रथमच धरली आहे, जुने खाते दुसऱ्या वाटेचे आहे. घरात एकाहून जास्त गूगल खाती फोनवर असतील तर प्रत्येकाचे पान स्वतंत्रपणे पाहा. ॲपलच्या बटणाने खाते उघडून ईमेल लपवण्याचा पर्याय निवडला असेल, तर खात्यावरचा पत्ता `privaterelay.appleid.com` असा शेवट असलेला असतो आणि तो अर्थातच कोणाच्या लक्षात राहत नाही.

ॲपच चुकीचे असण्याची शक्यताही एकदा तपासून घ्या. काही बँडांसाठी सारख्या नावांची दोन ॲप असतात. मी फिट हे ॲप पुढे झेप लाइफ झाले, तर मी फिटनेस हे वेगळे ॲप आहे, आणि एकातल्या नोंदी दुसऱ्यात आपोआप दिसत नाहीत. नवे ॲप घेताना स्टोअरमध्ये नावावरून शोधले असेल तर हा घोटाळा सहज होतो. स्टोअरमध्ये तुमच्या खात्यावर पूर्वी घेतलेल्या ॲपची यादी असते, तीत जुने ॲप नेमके कोणते होते ते दिसते.

एक उदाहरण तपशिलात सांगतो, कारण त्यात तुमच्या प्रकरणातल्या बहुतेक गोष्टी आहेत. माझ्या मावसबहिणीने फेब्रुवारीत बँड घेतला तेव्हा खाते मोबाइल क्रमांकावर उघडले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिंक अडकू लागले. ११ तारखेला तिने ॲप काढून पुन्हा टाकले आणि या वेळी सोपे म्हणून गूगलचे बटण दाबले. ॲपने उंची-वजन विचारले, तिने भरले. बँड जोडताना दुसऱ्या खात्याचा संदेश आला, तिने बँड रीसेट केला, तो जुळला, आणि नऊ महिने कोरे झाले. माझ्याकडे फोन आला तोवर तीन दिवस उलटले होते, म्हणजे नव्या खात्यात तीन दिवसांच्या नोंदी जमल्या होत्या.

आम्ही आधी बँड नव्या खात्यात सिंक करून घेतला, जेणेकरून त्या तीन दिवसांतले काही मनगटावरच राहून जाऊ नये. त्या दिवसांचे आकडे आणि झोपेचे आलेख स्क्रीनशॉट काढून ठेवले. मग ॲपमधून बाहेर पडून, ॲप न काढता, मोबाइल क्रमांकाने लॉगिन केले. मुख्य पान पहिली दोन मिनिटे शून्यच दाखवत होते. नंतर नोव्हेंबर भरला, आणि बोटाने मागे मागे सरकत गेल्यावर ऑक्टोबर, सप्टेंबर असे महिने एकेक करून येऊ लागले.

सगळ्यांत बोलका होता ६ नोव्हेंबरचा दिवस. त्या दिवशी फक्त २,४१२ पावले दिसत होती आणि तासांच्या आलेखातले खांब सकाळी साडेदहाच्या पुढे एकदम थांबले होते. ती दुपारभर बसून नव्हती. शेवटचे यशस्वी सिंक त्या सकाळी साडेदहाच्या सुमारास झाले होते, एवढाच त्याचा अर्थ. शेवटच्या सिंकची वेळ नोंदींवरून कळते असे मी वर म्हटले ते हेच. ५ आणि ६ तारखांच्या मधल्या रात्रीची झोप पूर्ण होती, कारण ती सकाळी उठली तेव्हा सिंक चालू होते. त्यापुढची एकही रात्र नव्हती. ६ च्या दुपारपासून ११ च्या संध्याकाळपर्यंतचा काळ फक्त बँडमध्ये होता आणि रीसेटने तो पुसला. जुन्या खात्यात असा अर्धवट तुटलेला दिवस दिसला, की त्यापुढे शोधणे थांबवावे.

नवे खाते आणि जुने खाते एकत्र करण्याची सोय अशा सेवांमध्ये सहसा नसते. म्हणून जुने खाते सापडले की लवकर त्यावर परत जाणे शहाणपणाचे. जितके दिवस नव्यावर काढाल तितके तिथे अडकतील. परतताना क्रम चुकवू नका. नव्या खात्यात शेवटचे सिंक, मग त्याच खात्यातून ॲपमधल्या पर्यायाने बँडची जोडणी सोडवणे, मग बाहेर पडून जुन्या खात्यात प्रवेश आणि बँड जोडणे. जोडणी न सोडवता गेलात तर तोच दुसऱ्या खात्याचा संदेश उलट्या बाजूने येतो आणि आणखी एक रीसेट ओढवतो.

समजा, खाते बरोबर आहे आणि तरीही जुने महिने कोरे आहेत. इथे दोन शक्यता राहतात: ॲपने ते अजून आणलेले नाहीत, किंवा सर्व्हरवर ते नाहीत. पुन्हा टाकलेले ॲप पूर्ण इतिहास एका दमात उतरवत नाही. बहुधा अलीकडचे काही आठवडे आणते आणि बाकीचे तुम्ही तो महिना उघडाल तेव्हा मागवते. फोन वाय-फायवर ठेवा, ॲपवरचे बॅटरी बचतीचे बंधन तात्पुरते काढा, आणि महिन्याच्या किंवा वर्षाच्या आलेखावर न थांबता एखादा ठरावीक जुना दिवस उघडा. आलेख कधीकधी फोनमधल्या डेटावरूनच काढलेला असतो, दिवस उघडल्याशिवाय सर्व्हरकडे विचारणा जात नाही.

याहून पक्की तपासणी म्हणजे निर्यात. बहुतेक कंपन्या खात्याच्या किंवा गोपनीयतेच्या पानावर ‘माझा डेटा उतरवा’ अशा अर्थाचा पर्याय देतात, आणि त्यातून मिळणारी फाइल थेट सर्व्हरवरून येते, ॲपच्या पडद्याशी तिचा संबंध नसतो. फिटबिटच्या नोंदी गूगल टेकआउटमधून मिळतात आणि त्यांत `steps-` व `sleep-` अशा नावांनी सुरू होणाऱ्या तारखावार जेसन फाइली असतात. इतर कित्येक ठिकाणी सीएसव्ही फाइली येतात, ज्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडतात. फाइल यायला काही मिनिटे लागतात, कधी काही दिवसही. तीत महिने भरलेले असतील तर दोष ॲपच्या पडद्याचा आहे आणि नोंदी तुमच्या हातात आहेतच. तीही कोरी असेल, तर या खात्यात त्या नाहीत. अशा वेळी सहायता केंद्राशी वाद घालण्याआधी दुसरे खाते नाही ना, हे एकदा परत पाहा.

आता चौथ्या जागेकडे येतो, जिच्याकडे लोक पाहतच नाहीत. अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट नावाचा आरोग्य नोंदींचा सामायिक साठा आहे, आणि अँड्रॉइड १४ पासून तो फोनच्या प्रणालीचाच भाग आहे. बँडच्या ॲपला तुम्ही कधीकाळी त्यात लिहिण्याची परवानगी दिली असेल, तर त्या दिवसापासूनच्या नोंदींची एक प्रत तिथे जात राहिली. बँडचे ॲप काढल्यावर ही प्रत पुसली जात नाही. फोनच्या सेटिंगमध्ये हेल्थ कनेक्ट उघडा, त्यातल्या डेटाच्या विभागात पावले निवडा आणि दिवस मागे मागे न्या. ॲपच्या परवानग्यांच्या पानावर निष्क्रिय ॲपचा भाग दिसला तर तोही पाहा. आता प्रवेश नाही पण पूर्वी लिहिलेल्या नोंदी शिल्लक आहेत, अशी ॲप तिथे असतात.

इथे एक फसगत आहे, आणि ॲप पुन्हा टाकणाऱ्यांनाच ती गाठते. हेल्थ कनेक्टमधून दुसऱ्या ॲपने लिहिलेल्या नोंदी वाचणाऱ्या ॲपला, जास्त मागची वेगळी परवानगी नसेल तर, परवानगी दिल्याच्या दिवसाआधीचे ३० दिवसच वाचता येतात. ॲप काढले की परवानगी रद्द होते, आणि पुन्हा टाकल्यावर हे ३० दिवस नव्या तारखेपासून मोजले जातात. त्यामुळे पूर्वी वर्षभराचा आलेख दाखवणारे एखादे ॲप आता महिनाभराचाच दाखवते आणि बाकीचे गेले असे वाटते. साठ्यात मात्र सगळे असते. म्हणून तपासणी कोणत्याही तिसऱ्या ॲपच्या पडद्यावरून न करता हेल्थ कनेक्टच्याच पानांवर करा. तिथेच आपोआप पुसण्याची एक सेटिंग आहे, जिच्यात ३ महिने, १८ महिने किंवा कधीच नाही असे पर्याय असतात. ती ३ महिन्यांवर असेल तर लगेच बदला, नाहीतर शोधता शोधता जुना भाग गळत राहील.

पावले आणि झोप यांच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात, हेही लक्षात घ्या. मावसबहिणीच्या फोनवर हेल्थ कनेक्टमध्ये मे महिन्यापासूनची पावले होती, पण झोपेची एकही नोंद नव्हती. मे महिन्यात तिने परवानगी देताना फक्त पहिल्या ओळीतले बटण चालू केले होते. खाते सापडले नसते तर मे ते नोव्हेंबरची पावले तरी वाचली असती, झोप सगळी गेली असती.

आयफोनवर हीच भूमिका ॲपलचे हेल्थ ॲप पार पाडते. तिथे आपल्या चित्रावर टिचकी मारून सर्व आरोग्य डेटा निर्यात करता येतो. मिळालेल्या झिप फाइलमध्ये `export.xml` असते. ती मोठी असते, पण तिच्यात कोणाच्या किती नोंदी आहेत हे संगणकाच्या टर्मिनलवर एका ओळीत दिसते:

```
grep -o 'sourceName="[^"]*"' export.xml | sort | uniq -c
```

यादीत बँडच्या ॲपचे नाव आणि त्यापुढे हजारोंचा आकडा दिसला, तर प्रत आहे. पावलांच्या ओळी `HKQuantityTypeIdentifierStepCount` आणि झोपेच्या `HKCategoryTypeIdentifierSleepAnalysis` या नावाखाली असतात. आयफोनचा संगणकावर घेतलेला बॅकअप पासवर्ड ठेवून कूटबद्ध केलेला असेल तरच त्यात आरोग्य नोंदी येतात, साध्या बॅकअपमध्ये त्या नसतात.

झोपेबद्दल थोडे स्वतंत्रपणे लिहितो, कारण ती परत आली तरी ‘वेगळी’ आल्याची तक्रार नेहमी होते. पावले म्हणजे मोजणी, झोप म्हणजे अनुमान. बँड रात्रभर हालचाल आणि नाडी टिपतो. त्यावरून गाढ झोप कोणती, हलकी कोणती, जाग कधी आली हे अनेक बँडांच्या बाबतीत ॲप किंवा सर्व्हर ठरवतो. सर्व्हरवर ठरलेला निष्कर्ष साठवलेला असेल तर रात्र जशीच्या तशी परत दिसते. कच्च्या नोंदींवरून ॲपच्या नव्या आवृत्तीने ती पुन्हा काढली असेल तर गाढ झोपेची मिनिटे बदललेली दिसू शकतात. झोपी जाण्याची आणि उठण्याची वेळ सहसा फारशी हलत नाही, आणि तुलना करायची असेल तर मी त्याच दोन वेळांवर भिस्त ठेवतो.

निर्यात फाइलीतल्या झोपेच्या वेळा वाचताना कालविभागाकडे पाहा. वेळेपुढे `+0000` किंवा शेवटी `Z` असेल तर ती जागतिक प्रमाणवेळ आहे. समजा, एका ओळीत झोपेची सुरुवात `18:10` आणि शेवट `00:50` आहे आणि तुमचे घड्याळ प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मग प्रत्यक्षात तुम्ही रात्री ११:४० ला झोपलात आणि सकाळी ६:२० ला उठलात. ही भर न घातल्यास झोप संध्याकाळी लागल्यासारखी दिसते आणि लोक फाइलच चुकीची ठरवतात. रात्र कोणत्या तारखेची, याचाही गोंधळ होतो. अनेक ॲप ती उठलेल्या दिवसाच्या नावे दाखवतात, काही फाइली झोपलेल्या दिवसाच्या नावे. एक दिवसाचा सरक सगळीकडे सारखा दिसत असेल तर काही हरवलेले नाही.

ज्यात वेळ घालवू नये अशा गोष्टी थोडक्यात सांगतो. चार्जिंगची तार संगणकाला लावून बँडमधून काही मिळत नाही. बहुतेक बँडांत तिच्यातून फक्त वीज जाते. फॅक्टरी रीसेटनंतर बँडमधले जुने दिवस वाचण्याचा वापरकर्त्याच्या हाती असलेला मार्ग नाही. फोनवरची ‘डेटा रिकव्हरी’ ॲप फोटो आणि कागदपत्रे शोधण्यासाठी असतात. दुसऱ्या ॲपच्या खासगी कप्प्यात त्यांना शिरता येत नाही, आणि काढलेल्या ॲपचा डेटाबेस त्यांना सापडत नाही. त्यांपैकी काही पैसे भरल्यावर सगळे मिळेल असे सांगतात, ते भरू नका. संगणकावरून अँड्रॉइड फोनचा बॅकअप घेणाऱ्या जुन्या `adb backup` आज्ञेवरही भिस्त ठेवू नका, कारण अँड्रॉइड १२ व पुढच्या आवृत्त्यांसाठी बनवलेल्या ॲपचा डेटा ती आता घेत नाही, आणि ॲप काढल्यानंतर घ्यायला काही उरतही नाही.

एक अपवाद आहे: जुना फोन. मधल्या काळात फोन बदलला असेल आणि जुन्या फोनवर ते ॲप अजून असेल, तर त्यातला डेटाबेस शाबूत असू शकतो. तो फोन सुरू करताना आधी विमान मोडवर टाका आणि मगच ॲप उघडा. इंटरनेट मिळाले तर ते ॲप तुम्हाला बाहेर काढून लॉगिनचा पडदा दाखवू शकते, आणि मग आतले दिसणे बंद होते. विमान मोडमध्ये महिन्यांचे आणि रात्रींचे स्क्रीनशॉट काढून घ्या, आणि वर खात्याचा क्रमांक किंवा अर्धवट लपवलेला ईमेल दिसतो का ते पाहा. बरेचदा जुने खाते कोणते, याचे उत्तर इथेच मिळते.

बुडीत धरलेल्या दिवसांसाठी एक कामचलाऊ पर्याय उरतो तो फोनच्या स्वतःच्या मोजणीचा. आयफोन खिशात असताना पावले स्वतःहून मोजतो, आणि अँड्रॉइडवर गूगल फिटसारखे एखादे ॲप चालू असेल तर तेही मोजते. ही संख्या बँडपेक्षा कमीच भरते, कारण घरात फोन टेबलावर असतो आणि बँड मनगटावर. मावसबहिणीच्या त्या पाच दिवसांची फोनवरची सरासरी ३,१०० च्या आसपास होती, तर तिच्या बँडवरची नेहमीची ७,००० च्या वर. असे आकडे वहीत घ्यायचे तर ‘फोन’ अशी खूण करून घ्या. बँडच्या आकड्यांच्या रांगेत बसवले तर पुढे कधी तरी तो आजारपणाचा आठवडा वाटेल. झोपेला असा पर्याय नाही.

मिळालेल्या नोंदी ॲपमध्ये परत घालता येतील का, हा पुढचा प्रश्न असणारच. बँडच्या ॲपमध्ये जुन्या दिवसांची पावले हाताने भरण्याची सोय क्वचितच असते. ॲपलच्या हेल्थमध्ये पावले आणि झोप हाताने भरता येतात, पण नोंदीचा स्रोत बँड असा न दिसता हाताने भरलेली असा दिसतो. हेल्थ कनेक्टमध्ये लिहिणारी तिसऱ्यांची ॲप मिळतात, मात्र तिथे त्या दिवसाची बँडची किंवा फोनची नोंद आधीच असेल तर बेरीज दुप्पट दाखवणारी ॲपही आहेत. मी स्वतः निर्यात फाइल जशी आली तशी जपतो आणि तिच्या प्रतीवर काम करतो. वर्षभराच्या रोजच्या बेरजा म्हणजे ३६५ ओळी, त्या स्प्रेडशीटमध्ये आरामात पाहता येतात.

सहायता केंद्राला लिहायची वेळ आलीच तर ‘माझा डेटा गेला’ एवढेच लिहू नका. त्यावर ठरलेले उत्तर येते, ॲप काढून पुन्हा टाका, आणि ते आपल्याला नेमके नको आहे. आत्ताच्या खात्याचा ॲपमध्ये दिसणारा क्रमांक, ज्या ज्या मोबाइल क्रमांकांवर आणि ईमेलवर खाते असू शकेल ते सगळे, बँडचा अनुक्रमांक किंवा ब्लूटूथ पत्ता, आणि वर लिहून ठेवलेल्या दोन तारखा द्या. मग एकच नेमका प्रश्न विचारा: हा बँड रीसेटच्या तारखेआधी कोणत्या खात्याशी जोडलेला होता? पूर्ण पत्ता गोपनीयतेमुळे ते सांगणार नाहीत, पण ते खाते मोबाइल क्रमांकाचे की ईमेलचे, आणि शेवटचे दोन अंक किंवा पहिले अक्षर कोणते, एवढे सांगतात कधीकधी. बहुतेकांना तेवढ्यावरून आठवते.